जोडचित्र कागदावर उतरताना

दोन-तीन निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या वेळी टिपलेली छायाचित्रे एकमेकांत अशी मिसळायची की पाहणाऱ्याला ती एकाच क्षणाची वाटावीत, ही कल्पना संगणकाची नाही. ऑस्कर रेलँडर याने १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह एकत्र करून ‘द टू वेज ऑफ लाइफ’ हे भव्य चित्र केले. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच निगेटिव्हमधून ‘फेडिंग अवे’ हे चित्र जुळवले. कागदाचा बाकीचा भाग झाकून ठेवायचा, एका निगेटिव्हचा भाग छापायचा, मग तो झाकून दुसरा, अशी ती पद्धत होती. आज आपण फोटोशॉपमध्ये ज्याला मास्क म्हणतो, त्याचे हे मूळ रूप. मात्र रेलँडर आणि रॉबिन्सन यांना एक सोय होती. चित्र जुळवणारा आणि ते कागदावर उतरवणारा माणूस एकच होता, आणि जुळवणी प्रत्यक्ष कागदावरच होत होती. सांधा दिसला तर तिथल्या तिथे कळत असे.

आज जुळवणी पडद्यावर होते आणि छपाई दुसरीकडे, चार शायांनी, ठिपक्यांच्या जाळीतून होते. मराठीत १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, त्याच सुमारास छायाचित्र ठिपक्यांत फोडून छापण्याची हाफटोन पद्धत आपल्याकडे रुळत होती. कलकत्त्यात उपेंद्रकिशोर राय यांनी त्या आधीच तिच्यावर मूलभूत काम केले होते. शंभरहून अधिक वर्षे झाली, यंत्रे बदलली, तरी तत्त्व तेच राहिले आहे: छापलेले चित्र म्हणजे लहानमोठ्या ठिपक्यांची रांगोळी.

गेली अनेक वर्षे मी दिवाळी अंकांची मुखपृष्ठे छपाईसाठी तयार करते. चित्र जुळवणे हा चित्रकाराचा किंवा छायाचित्रकाराचा भाग. ‘झाले’ म्हणून त्याने हातात ठेवलेली फाइल छापखान्याच्या प्लेटपर्यंत नेणे हा माझा भाग. या कामातून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे. ‘छपाईसाठी तयार चित्र’ असे काही नसते. अमुक आकारासाठी आणि अमुक कागदासाठी तयार केलेले चित्र असते. जोडचित्राच्या बाबतीत तर हे दुपटीने खरे आहे, कारण रेझोल्यूशन, शार्पनिंग आणि रंग या तिन्ही टप्प्यांवर त्याचे तुकडे वेगवेगळे वागतात आणि पडद्यावर बुजलेला सांधा कागदावर पुन्हा उघडतो. हे कसे होते, ते एका मुखपृष्ठाच्या आधारे सांगते.

तीन तुकडे, दोन कागद

चित्र असे होते. जुन्या वाड्याचा चौक, मध्ये तुळशीवृंदावन, त्यापुढे वाकून पणती लावणारी नऊवारीतली बाई आणि कौलांच्या वर गडद निळे सांजआकाश. वाडा छायाचित्रकाराने चांगल्या कॅमेऱ्याने टिपला होता. बाईचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी घरात, पांढऱ्या भिंतीसमोर, मोबाइलवर काढले होते. आकाश तिसऱ्याच संध्याकाळचे होते. पडद्यावर तिन्ही तुकडे सुरेख मिसळले होते.

हे चित्र दोन ठिकाणी छापायचे होते. मुखपृष्ठावर चकचकीत आर्ट पेपरवर, आणि आत पहिल्या पानावर, मजकुराच्याच मॅपलिथो कागदावर, त्याच आकारात. संपादकांचा समज असा की एकच फाइल दोन्हीकडे चालेल. ती चालत नाही.

रेझोल्यूशन: प्रश्न फाइलचा नसतो, तुकड्याचा असतो

‘३०० डीपीआय द्या’ हे वाक्य छापखान्यात मंत्रासारखे म्हटले जाते. त्याचा उगम समजून घेतला तर बरेच गोंधळ मिटतात. आर्ट पेपरवर ऑफसेट छपाई बहुधा दर इंचाला १५० रेषांच्या जाळीने होते. म्हणजे एका इंचात ठिपक्यांच्या १५० ओळी. प्रत्येक ठिपका किती मोठा काढायचा हे ठरवायला त्या जागी चित्रात एकाहून जास्त पिक्सेल असलेले बरे. रूढ नियम दुपटीचा आहे, म्हणून १५० दुणे ३००. प्रत्यक्षात दीडपटही, म्हणजे २२५, बहुतेक चित्रांना पुरते. मॅपलिथोवर शाई पसरते, म्हणून जाळी थोडी विरळ, १२० रेषांची घेतली होती. तिथे दीडपटीने १८० आणि दुपटीने २४०. प्लेट काढणारे यंत्र २४०० म्हणते तो आकडा वेगळाच. ते यंत्र प्रत्येक हाफटोन ठिपका १६ बाय १६ सूक्ष्म बिंदूंनी रचते, आणि २४०० भागिले १६ बरोबर १५०. चित्रातल्या पिक्सेलशी त्या २४००चा संबंध नाही.

आता आकार. अंक सव्वासात बाय साडेनऊ इंचांचा. कापणीसाठी चारही बाजूंनी एक अष्टमांश इंच ब्लीड धरला की साडेसात बाय पावणेदहा. ३००ने गुणले की २२५० बाय २९२५ पिक्सेल. आलेली फाइल नेमकी याच मापाची होती आणि Image Size उघडले की ३०० हा आकडाही दिसत होता. इथेच बहुतेक जण थांबतात.

पण तो आकडा डब्याचा असतो, आतल्या जिनसांचा नव्हे. जोडचित्रात प्रत्येक तुकडा ओढून, ताणून बसवलेला असतो, आणि त्याचे खरे रेझोल्यूशन काढायला मूळ छायाचित्रात त्याला किती पिक्सेल होते हे पाहावे लागते. वाड्याचा जो भाग वापरला होता तो मुळात ३००० पिक्सेल रुंद होता. साडेसात इंचांवर तो ४०० भरला. उत्तम. आकाशाचा तुकडा १५०० पिक्सेल रुंद. तो २०० भरला. बाई पानावर सहा इंच उंच होती आणि मूळ फाइलमध्ये तिची उंची १२०० पिक्सेल, तीही २००.

दोन्हींचा आकडा २००च, पण दोघांचे दुखणे सारखे नव्हते. आकाशात तपशील नाही. वरून खाली उजळत जाणारा एक निळा पट्टा आहे. तपशीलच नसेल तर तो हरवणार कुठून? तिथे २०० पुरतात. बाईच्या बोटांत, नथीत, साडीच्या काठात मात्र डोळा तपशील शोधतो. पडद्यावर पान अख्खे दिसेल इतके लहान करून पाहिले तर हा फरक कळत नाही. कागदावर वृंदावनाच्या कोरीव कामाशेजारी तिचा चेहरा मेणाचा वाटला असता, आणि वाचकाने कारण न सांगता म्हटले असते की बाई ‘चिकटवलेली’ दिसते.

बाईची फाइल उघडली तेव्हा तिची लांब बाजू १६०० पिक्सेलची निघाली. मोबाइलचा कॅमेरा असा गोल, लहान आकडा देत नाही. तो आकडा दिसला की छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून आले आहे असा संशय घ्यावा. दुसरी खूण म्हणजे फाइलचे वजन काहीशे केबी इतकेच, आणि तिसरी म्हणजे मोठे करून पाहिल्यावर कडांभोवती दिसणारे आठ-आठ पिक्सेलचे चौकोनी डाग. छायाचित्रकाराला विचारले तर मूळ चित्र मोबाइलमध्ये शाबूत होते: ४०३२ बाय ३०२४. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवले. त्यात बाईची उंची ३०२४ पिक्सेल, म्हणजे सहा इंचांवर ५०४. मूळ मिळाले नसते तर दोनच प्रामाणिक उपाय होते: पुन्हा छायाचित्र काढणे किंवा बाईला पाच इंचांवर आणणे, म्हणजे २४० भरले असते. Image Size मध्ये आकडा वाढवला की पिक्सेल वाढतात. नथीतला मोती त्यातून परत येत नाही.

मूळ तुकडा बसवताना तो स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून बसवावा. साधा लेयर एकदा लहान करून पुन्हा मोठा केला की लहान करताना गेलेले पिक्सेल परतत नाहीत. स्मार्ट ऑब्जेक्ट प्रत्येक वेळी मूळ चित्राकडे जातो.

शार्पनिंग: शेवटची आणि सर्वांत धोक्याची पायरी

ठिपक्यांची जाळी चित्राला थोडे मऊ करते. शाई कागदात पसरते, तेव्हा आणखी थोडे. ही घट भरून काढायला छपाईपूर्वी चित्राच्या कडा धारदार कराव्या लागतात. यासाठीचे प्रचलित साधन म्हणजे अनशार्प मास्क. नाव उलटे वाटते, पण ते डार्करूममधून आले आहे: चित्राची मुद्दाम धूसर केलेली प्रत मूळ निगेटिव्हवर ठेवून छापले की कडा उठून येत. संगणकही तेच करतो. जिथे गडद आणि उजळ भाग भेटतात तिथे गडद बाजूला आणखी गडद आणि उजळ बाजूला आणखी उजळ अशी बारीक रेघ तो ओढतो. चित्रात नवा तपशील येत नाही. डोळ्याला कडेची जाणीव वाढते, इतकेच.

ही रेघ डोळ्याला ‘रेघ’ म्हणून दिसता कामा नये, म्हणून तिची जाडी, म्हणजे Radius, कागदावरच्या मापाने ठरवावी लागते. हातभर अंतरावरून साधारण नजरेला इंचाच्या तीनशेव्या भागाएवढे अंतर जेमतेम कळते. ३०० पिक्सेलच्या चित्रात १ पिक्सेलची Radius घेतली तर दोन्ही बाजू मिळून रेघ दोन-तीन पिक्सेलची होते, आणि ती धार म्हणूनच जाणवते. यावरून एक नियम आपोआप निघतो: अंतिम शार्पनिंग आकार ठरल्यानंतरच करायचे. आधी केले आणि मग चित्र मोठे केले तर रेघही मोठी होते.

जोडचित्रात यापेक्षा मोठी अडचण आहे. शार्पनिंगला खरी कड आणि सांध्याची कड यांतला फरक कळत नाही. बाई पांढऱ्या भिंतीसमोरून कापली होती. तिच्या खांद्यावर, केसांच्या कडेला त्या भिंतीची दोन पिक्सेल जाड फिकट किनार उरली होती. १५०च्या जाळीत दोन पिक्सेल म्हणजे ठिपक्यांची बरोबर एक ओळ. पडद्यावर ती नजरेत भरत नव्हती. मी चाचणी म्हणून शार्पनिंग लावले तेव्हा किनार दुप्पट जाड आणि अधिक पांढरी झाली. अंधाऱ्या चौकात बाईभोवती जणू तेजोवलय.

म्हणून आधी सांधे, मग धार. बाईचा मास्क दोन पिक्सेल आत घेतला, आणि त्याची कड त्याच अंतरावरच्या वृंदावनाच्या कडेइतकीच मऊ केली. कापलेली कड शेजारच्या खऱ्या कडेपेक्षा तीक्ष्ण असली तर ती कात्रीची वाटते. किती मऊ करावी याचा आकडा नसतो. दोन्ही कडा पडद्यावर १०० टक्क्यांवर शेजारी ठेवून पाहाव्यात.

मग तुकड्यांची आपसातली बरोबरी. नवी बाई ५०४वरून ३००वर उतरली आणि त्यामुळे वाड्यापेक्षाही कणखर झाली. मोठे चित्र लहान केले की ते आपोआप धारदार दिसते. तिला स्वतंत्र शार्पनिंग अजिबात दिले नाही. वाड्याला थोडे दिले. आकाश उलट्या टोकाला होते: ते दीडपट ताणल्याने त्याचा कॅमेऱ्याचा दाणा भरड झाला होता, आणि कौलांच्या रेषेवर बारीक दाण्याचा वाडा व जाड दाण्याचे आकाश असा सांधा उघड होत होता. आकाशातला दाणा पुसला आणि शेवटी संपूर्ण चित्रावर एकच हलका, सारखा दाणा पसरला. त्याचा दुसरा फायदा असा की आकाशाच्या उताराला छपाईत ज्या पट्ट्या पडतात, त्या या दाण्याने मोडतात.

एवढे झाल्यावर सगळे लेयर एका प्रतीत मिळवून त्यावर अंतिम शार्पनिंग केले. मूळ लेयरची फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवली. शार्पनिंगचा लेयर Luminosity या पद्धतीने मिसळला, म्हणजे फक्त उजेड-अंधारावर परिणाम होतो आणि कडांना रंगीत झालर येत नाही. मुखपृष्ठासाठी Radius १, Amount १२०, Threshold ३ घेतले. मॅपलिथोसाठी Radius १.५ आणि Amount १६०. आकाश, चेहऱ्याची त्वचा आणि साडीची बारीक वीण मास्कने वगळली. वीण वगळण्याचे कारण असे की कापडाची नियमित जाळी आणि छपाईची जाळी एकमेकींवर आल्या की लाटांसारखे नक्षीदार डाग उमटू शकतात, आणि शार्पनिंग त्यांना बळ देते.

हे आकडे नियम म्हणून घेऊ नयेत. ते त्या चित्राचे होते. कसोटी मात्र सगळीकडे चालते. छपाईसाठी योग्य धार दिलेले चित्र पडद्यावर १०० टक्क्यांवर किंचित खरखरीत दिसते. पडद्यावर अगदी नेमके वाटणारे चित्र कागदावर मऊ उतरते. ५० टक्क्यांवर पाहिले की कागदावरच्या परिणामाचा अंदाज बऱ्यापैकी येतो. तिथेही कडांना पांढरी रेघ दिसत असेल तर धार जास्त झाली.

रंग: आकडा म्हणजे रंग नव्हे

पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा यांचे तीन आकडे असतात. ते आकडे नेमक्या कोणत्या रंगाचे, हे प्रोफाइल सांगते. प्रोफाइलविना आकडा म्हणजे एककाविना वजन. ‘पाच’ म्हटले, पण किलो की शेर ते सांगितलेच नाही. आपल्या तीन तुकड्यांची एकके तीन होती. कॅमेऱ्याचा वाडा Adobe RGB मध्ये, मोबाइलवरची बाई Display P3 मध्ये, आणि आकाशाच्या फाइलला प्रोफाइलच नव्हते.

फोटोशॉपमध्ये यासाठी दोन आज्ञा शेजारी-शेजारी आहेत आणि त्यांची अदलाबदल हा या क्षेत्रातला सर्वांत नेहमीचा घोटाळा आहे. Assign Profile आकडे तसेच ठेवते आणि त्यांचा अर्थ बदलते. त्यामुळे चित्राचा रंग पालटतो. Convert to Profile रंग शक्य तितका तसाच ठेवते आणि त्यासाठी आकडे बदलते. प्रोफाइल नसलेल्या आकाशाला आधी Assign करावे लागले, कारण त्याला अर्थच नव्हता. sRGB दिल्यावर ते छायाचित्रकाराच्या आठवणीतल्या आकाशासारखे दिसले. त्यानंतर तिन्ही तुकडे Convert करून Adobe RGB या एकाच अवकाशात, १६ बिटमध्ये आणले.

खरी परीक्षा पुढे, शाईच्या प्रोफाइलकडे जाताना. इथे पहिला प्रश्न छापखान्याला विचारायचा: कोणत्या प्रोफाइलने छापता, जाळी किती रेषांची, आणि एकूण शाई किती चालते? फोटोशॉप अमेरिकी मांडणीत असेल तर U.S. Web Coated (SWOP) v2 हे प्रोफाइल आपणहून वापरते. ते अमेरिकेतल्या रीळछपाईचे आहे; आपल्या छापखान्यातल्या सुट्या तावांच्या छपाईशी त्याचे नाते नाही. आमच्या छापखान्याने मुखपृष्ठासाठी ISO Coated v2 300% आणि आतल्या पानासाठी PSO Uncoated v3 सांगितले. View मधल्या Proof Setup मध्ये ते निवडून Simulate Paper Color चालू केले की पडद्यावर चित्र एकदम मळकट होते. पाहणारा दचकतो, पण ती कागदाची खरी सफेदी आणि शाईचा खरा काळेपणा असतो. चित्र आधी नजरेआड करावे, हे चालू करावे आणि मगच पाहावे. म्हणजे डोळा तुलना करत बसत नाही.

आमच्या चित्रात तीन गोष्टी दिसल्या.

पहिली आकाशाची. पडद्याचा गडद, तेजस्वी निळा शाईला साधत नाही. निळा हा सायन आणि मॅजेंटा यांच्या मिश्रणातून येतो, आणि मॅजेंटा थोडा जरी वरचढ झाला तरी तो जांभळा होतो. रूपांतरानंतर आकाशात सायन ९६ आणि मॅजेंटा ८४ असे आकडे आले. हे जांभळे होणार हे निश्चित. दोहोंत निदान तीस टक्क्यांचे अंतर असावे असा छपाईतला जुना ठोकताळा आहे. मॅजेंटा ६४वर आणला. परंतु जोडचित्रात काम तिथे संपत नाही. कौलांवर आणि वृंदावनाच्या माथ्यावर चित्रकाराने आकाशाची निळसर झाक दिली होती. दोन तुकडे एकाच संध्याकाळचे वाटण्याचे रहस्य तीच झाक होती. ती फिकी असल्याने शाईच्या आवाक्यात होती आणि रूपांतरात जशीच्या तशी राहिली, आकाश मात्र बदलले. उजेड एका रंगाचा आणि त्याचे आकाश दुसऱ्या रंगाचे. म्हणून सॉफ्टप्रूफ चालू ठेवून झाक पुन्हा नव्या आकाशाशी जुळवली. ही दुरुस्ती लेयरच्या मूळ फाइलमध्ये करावी लागते, मिळवलेल्या प्रतीत नव्हे.

दुसरी गोष्ट काळ्याची. वाड्याच्या कोपऱ्यातला नैसर्गिक अंधार २०च्या आसपासच्या आकड्यांचा होता. बाईखालची सावली काळ्या ब्रशने रंगवलेली, म्हणजे सरळ शून्य. पडद्यावर दोन्ही काळेच. छपाईत दोन्हींच्या शायांचे प्रमाण वेगळे पडते, आणि ताव उजेडात तिरका धरला की चमकेतल्या फरकाने सावलीचा तुकडा डागासारखा उठतो. हे आधी ओळखायला वर एक तात्पुरता Curves लेयर ठेवून अंधार भरपूर उजळून पाहावा. लपलेले सगळे सांधे एका क्षणात दिसतात. सावलीचा काळा शेजारच्या अंधाराइतकाच उचलला आणि तो लेयर काढून टाकला. एकूण शाईची मर्यादाही याच भागात तपासायची. मुखपृष्ठाला चार शायांची बेरीज ३०० टक्क्यांपर्यंत आणि मॅपलिथोला छापखान्याच्या सांगण्यानुसार २६०. त्याहून जास्त शाई सुकत नाही आणि वरच्या तावाच्या पाठीला लागते.

तिसरी गोष्ट पणतीच्या ज्योतीची. पडद्यावर ज्योत प्रकाश फेकते. कागदावर सर्वांत उजळ गोष्ट म्हणजे शाई न लागलेला कागद. त्यापेक्षा तेजस्वी काहीही छापता येत नाही. मॅपलिथोचा पांढरा आर्ट पेपरपेक्षा मंद, त्यामुळे आत ज्योत विझल्यासारखी दिसणार होती. ज्योत आणखी उजळण्याला वाव नव्हता. तिच्याभोवतीचा काळोख आणि बाईच्या हातामागची भिंत आतल्या फाइलमध्ये थोडी गडद केली. मधल्या छटा मात्र उलट मोकळ्या ठेवाव्या लागल्या. ठिपका कागदावर फुगतो: ५० टक्क्यांचा ठिपका आर्ट पेपरवर ६५च्या आसपास दिसतो, मॅपलिथोवर त्याहून जास्त. प्रोफाइल ही वाढ हिशेबात धरते, पण छापखान्याने त्या प्रमाणाला धरून छापले तरच. आमच्या मशीनवरचे काका म्हणतात तसे, ‘‘ताई, शाई तेवढीच सोडतो मी, पितो तो कागद.’’

प्रूफ आणि प्लेट

शेवटी दोन स्वतंत्र फाइली झाल्या: आर्ट पेपरची आणि मॅपलिथोची. आकार एकच, पण धार वेगळी, काळोख वेगळा, प्रोफाइल वेगळे. अंकाचे नाव आणि मजकूर चित्रात मिसळला नाही. तो पानाच्या मांडणीत वेगळा ठेवला, म्हणजे अक्षरांची कड २४००च्या धारेने येते, ३००च्या नव्हे. पीडीएफ करताना रंग पुन्हा बदलले जाणार नाहीत आणि चित्र आपोआप लहान केले जाणार नाही, एवढ्या दोन गोष्टी तपासल्या.

मग त्या-त्या प्रोफाइलवर काढलेले कागदी प्रूफ. ते ट्यूबलाइटखाली पाहू नये. छपाईच्या जगात यासाठी ५००० केल्विनचा प्रमाणित उजेड वापरतात, आणि तो नसेल तर खिडकीतला दुपारचा, थेट ऊन नसलेला उजेड बरा. प्रूफ पडद्यापेक्षा गडद वाटले तर आधी पडद्याची उजळी तपासावी. घरात बहुतेक पडदे गरजेपेक्षा पुष्कळ उजळ ठेवलेले असतात आणि दोष प्रूफला दिला जातो.

मशीन सुरू झाल्यावर काय बदलता येते याची मर्यादाही लक्षात ठेवावी. तावाच्या रुंदीत पट्ट्यापट्ट्याने शाई कमीजास्त करता येते. आकाशातला मॅजेंटा थोडा उतरवायचा म्हटले तर त्याच पट्ट्यात खाली असलेल्या बाईच्या हातातलाही मॅजेंटा उतरतो आणि हात पिवळट होतो. सांधा, किनार, धार, सावलीचा काळा यांतले काहीच मशीनवर सुधारत नाही. त्यांचा निकाल प्लेट निघण्याआधी लागलेला असतो.

वाचकांच्या हाती आता या वर्षीचे अंक येतील. एखादे जोडचित्राचे मुखपृष्ठ भिंगाखाली धरून पाहावे. आधी माणसाच्या खांद्याची कड, मग आकाश जिथे छपराला मिळते ती रेषा, आणि शेवटी सर्वांत गडद कोपरा. या तीन जागी ठिपके कसे बसले आहेत यावरून ते चित्र या कागदासाठी तयार केले होते, की पडद्यासाठी केलेले कागदावर आले, हे बहुधा समजते.